मानाचे दीड हजार

भाव पाडून घेण्यात कुंडलिकबापू शेट्यांचा हात धरणारा उत्रोलीत कुणी नव्हता. म्हैस घ्यायची असो, लग्नाचा मांडव ठरवायचा असो, नाहीतर विहिरीवर मोटार बसवायची असो, लोक बापूंना पुढे घालून जात आणि काही ना काही कमी करून घेऊनच परत येत. आता यातल्या निम्म्या वेळा तो भाव आधी वाढवून सांगायला बापूंनीच समोरच्याला शिकवलेलं असे, ही गोष्ट वेगळी. मांडववाल्याला ते आदल्या दिवशी गाठून सांगत, "तीस सांग. म्या पंचवीस म्हणीन. सव्वीसला मिटवू." मांडववाल्याला सव्वीसच हवे असत. वधूपिता चार हजार वाचले म्हणून खूश, मांडववाला खूश, आणि दोघांच्या मधोमध फेटा सावरत बसलेले बापू तर सगळ्यांत खूश. यात त्यांनी कधी एक रुपया दलाली घेतली नाही. त्यांना फक्त "बापू होते म्हणून झालं" हे वाक्य ऐकायचं असे. काही माणसांना तंबाखू लागते, बापूंना हे वाक्य लागत होतं.

अशा माणसाला गावकऱ्यांनी शाळेचा खजिनदार केलं, यात नवल नव्हतं. उत्रोलीच्या माळावर, भोरच्या रस्त्याला लागून, एका शिक्षण संस्थेची पहिली ते दहावीची इंग्रजी शाळा आहे. सरकारी अनुदान नाही, त्यामुळे सगळा संसार पालकांच्या फीवर. संस्थेचे अध्यक्ष पुण्यात राहतात आणि झेंडावंदनाला येतात. बाकीचा कारभार मुख्याध्यापिका नीरजा भिडे आणि बापू यांच्या गळ्यात.

फी ठरवण्याचा कायदा असा की, जूनमध्ये नवं वर्ष सुरू होण्याच्या सहा महिने आधी संस्थेने खर्चाच्या हिशोबासकट प्रस्ताव पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे ठेवायचा. समितीत वर्गावर्गातून चिठ्ठ्या टाकून निवडलेले पालक असतात. त्यांनी मंजूर केली की ती फी दोन वर्षं पक्की. मध्ये कुणाला हात लावता येत नाही. कायदा करणाऱ्यांनी सगळ्याचा विचार केला होता, फक्त कुंडलिकबापूंचा विचार करायचं त्यांच्या मनात आलं नसावं.

बापूंनी कायदा आपल्या वळणावर आणला होता. हिशोबात चौदा हजार फी निघाली की ते "इतर खर्च" या मथळ्याखाली थोडं पीठ मळून ती साडेपंधरावर न्यायचे. सभेत पालक ओरडायचे. बापू बराच वेळ मान खाली घालून ऐकायचे, मग उठायचे, छातीवर हात ठेवायचे आणि म्हणायचे, "तुमच्या शबदाला मान. दीड हजार कमी." टाळ्या पडायच्या. समितीचा उपाध्यक्ष, जो नेहमी कुणीतरी पालक असतो, बापूंच्या हातात नारळ द्यायचा. फी व्हायची तेवढीच, पण लोक जिंकून घरी जायचे. या रकमेला बापू मनातल्या मनात "मानाचे दीड हजार" म्हणत. लग्नात मानपानाचा खर्च धरतात ना, तसा हा.

नीरजाबाई भोरात वाढलेल्या, पुण्यात शिकून परत आलेल्या. पहिल्या खेपेला त्या हे सगळं गप्प बसून बघत राहिल्या. या खेपेला, नोव्हेंबरात, भाताच्या झोडणीचे दिवस असताना, त्यांनी बापूंना शाळेत बोलावलं आणि संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला.

"बापू, यंदा पीठ मळायचं नाही," त्या म्हणाल्या. "जे आहे ते दाखवायचं. ओळ न् ओळ."

बापूंनी चष्मा लावला. हिशोब सरळ होता. पुढच्या वर्षाचे पगार, भविष्य निर्वाह निधी धरून, सत्तावीस लाख. वीज, पाणी, जागेचं भाडं, प्रयोगशाळा, परीक्षा, विमा, हिशोब तपासनीस, सगळं मिळून सात लाख. पावसाच्या आत शेडचे पत्रे बदलायचे त्याचे दोन. एकूण छत्तीस. यातून बाहेरून येणारे पैसे वजा. गरीब घरच्या मुलांच्या राखीव जागांचे पैसे सरकार देतं, पण ते कागदावर बरेच आणि हातात उशिरा, म्हणून नीरजाबाईंनी खात्रीचे तीनच लाख धरले होते. सुट्टीत मैदान लग्नकार्याला जातं, त्याचे साठ हजार. उरले बत्तीस लाख चाळीस हजार. हे फी भरणाऱ्या मुलांवर वाटायचे.

"पोरं तर एकशे नव्वद हायेत. तुमी एकशे ऐंशीनंच भागलंय," बापू म्हणाले. भागाकारातली मेख त्यांना लगेच दिसत असे.

"दहावीची जातात तेवढी पहिलीला येत नाहीत. दोन वर्षं बघतेय मी. जास्त धरली आणि आली नाहीत तर मार्चमध्ये पगार कुठून करायचे?"

बत्तीस लाख चाळीस हजार भागिले एकशे ऐंशी. अठरा हजार. चालू फी सोळा हजार होती.

"अठरा," बापू म्हणाले. "म्हंजी लोकांना साडेएकुणीस सांगायचं."

"अठराच सांगायचं."

"आणि मग कमी काय करायचं?"

"काहीच नाही. कमी करण्यासारखं यात काही नाही, बापू. हे बघा." त्यांनी पगाराच्या ओळीवर बोट ठेवलं. "बारा शिक्षकांना महिना दोन हजारांची वाढ धरलीय. वर्षाचे दोन लाख अठ्ठ्याऐंशी हजार. बाकी वीज कापता येत नाही, भाडं कापता येत नाही, पत्रे तर पालकांनीच मागितलेत. फी कमी झाली तर पहिली ही ओळ जाईल. आणि ही गेली तर रत्ना जाईल."

रत्ना मॅडम भोंगवलीच्या. पाचवीपासून दहावीपर्यंत गणित त्याच शिकवत. पगार चौदा हजार, त्यात भोंगवलीहून येण्याजाण्याचं पेट्रोल. शिरवळच्या एका कंपनीत त्यांना ऑफिसचं काम मिळत होतं, भोरात क्लास काढा म्हणून लोक मागे लागले होते, आणि तरी त्या थांबल्या होत्या, कारण नीरजाबाईंनी त्यांना सोळा हजारांचा शब्द दिला होता. बापूंची नात शेफाली सातवीत होती. दोन वर्षांपूर्वी ही पोर अपूर्णांक दिसले की पोट दुखतं म्हणायची. आता संध्याकाळी ओट्यावर बसून ती आजीला दुधाच्या हिशोबात पकडायची. हे रत्ना मॅडमचं काम होतं, आणि अर्धं सोनियाचं. सोनिया शेफालीच्या बाकावर बसायची. तिची आई सगुणाबाई दुसऱ्यांच्या शेतात मजुरीला जायची, आणि पोरगी राखीव जागेवर शाळेत आलेली. गणितात वर्गात पहिली.

"बरं," बापू म्हणाले. "यंदा खरं बोलून बघू."

घरी जाऊन त्यांनी हे बायकोला सांगितलं. ठकुबाई भाकरी थापत होत्या. त्या थापायच्या थांबल्या नाहीत.

"तुमी? खरं? सभेत?" त्या म्हणाल्या. "जमंल का? का आदी घरात सवय करून बघता?"

सभा नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी दुपारी, शेडमध्ये भरली. फी समितीच ठरवणार होती, पण नीरजाबाईंनी सगळ्याच पालकांना बोलावलं होतं, म्हणजे हिशोब सगळ्यांच्या डोळ्यांदेखत मांडला जाईल. भिंतीवर पांढरी चादर लावली आणि तिच्यावर हिशोब दिसू लागला. पुढच्या रांगेत समितीचे पालक, मधोमध उपाध्यक्ष गेनू धुमाळ. गेनूचं भोरच्या नाक्यावर फरशीचं दुकान आहे. यंदा चिठ्ठी त्याच्या नावाची निघाली होती, आणि कायद्याने पुढची काही वर्षं ती पुन्हा निघणार नव्हती, त्यामुळे आपल्या कारकिर्दीत काहीतरी घडावं असं त्याला फार वाटत होतं. त्याच्या खुर्चीखाली एक कापडी पिशवी होती. बापूंनी खुर्चीत बसता बसता ती पाहिली. पिशवीत नारळ होता. सभा सुरू व्हायच्या आधीच विकत आणलेला.

नीरजाबाईंनी फार छान समजावलं. काहीच झाकलं नाही. पगार का सत्तावीस, मुलं एकशे ऐंशीच का धरली, सरकारचे पैसे का कमी धरले. बसचं भाडं यात धरलेलं नाही, कारण बसने न येणाऱ्याने बसचा खर्च का भरायचा, हेही सांगितलं. लोक इतके शांत बसले की मागच्या शेतातल्या मळणीयंत्राचा आवाज ऐकू येऊ लागला. शेवटी एक पालक उठून म्हणाले, "आजवर असा चोख हिशोब कुणी दाखवला न्हाई. मॅडमचं अभिनंदन." टाळ्या झाल्या. बापूंना वाटलं, चला, खरं बोलूनही सभा निभते म्हणायची.

मग अपेक्षा सांगायची वेळ आली. एकाला प्रत्येक वर्गात कॅमेरा हवा होता. एका आईला कराटे. वेल्ह्याकडून येणाऱ्यांना बस आणखी आतपर्यंत हवी होती. स्नेहसंमेलन भोरात मोठ्या हॉलमध्ये घ्यावं, यावर तर एकमत झालं. या सगळ्या मागण्या करणारे लोक वाईट नव्हते. त्यांना आपल्या मुलांचं भलं हवं होतं आणि ते अठरा हजारांपेक्षा कमीत हवं होतं, एवढंच.

तेव्हा मागच्या रांगेतून सगुणाबाई उठल्या. डोक्यावरचा पदर घट्ट धरून म्हणाल्या, "ते कॅमेरं ऱ्हाऊ द्या. गणिताच्या मॅडमचा पगार वाडवा. त्या गेल्या तर आमच्या पोरींनी काय करायचं?"

मग कुणीतरी म्हणालं, "मावशी, तुमाला बोलाया काय जातंय? तुमाला कुठं फी भरायचीय!" आणि हशा पिकला. सगुणाबाई खाली बसल्या. सबंध सभेत हिशोब समजलेली ती एकटीच बाई होती, पण तिच्याकडे पावती नव्हती.

गेनू उठला. त्याने शर्ट खाली ओढला.

"मॅडमनी सांगितलं त्ये समदं पटलं," तो म्हणाला. "हिशोब एकदम ओके. आमची काय तक्रार न्हाई." मग तो बापूंकडे वळला आणि हसला. "आता बापू, तुमी बोला."

"म्या काय बोलू? मॅडम बोलल्या की."

"तसं न्हाई. तुमचं बोलायचं ऱ्हायलंय."

सगळी शेड वळून बापूंकडे बघू लागली. रागाने नव्हे. लग्नात मंगलाष्टकं संपली की लोक जसे जेवणाच्या पंगतीकडे बघतात, तसं अगदी समाधानाने बघत होती. दर खेपेला या घटकेला बापू उठतात, छातीवर हात ठेवतात आणि कमी करतात. लोकांनी भांडणसुद्धा केलं नव्हतं, कारण शेवट ठाऊक असताना भांडायचं कशाला?

बापू म्हणाले, "यंदा कमी करण्यासारखं काय न्हाई. अठरा म्हंजी अठरा." एवढं ते म्हणाले, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं.

लोक हसले. खेळीमेळीने, आपल्या माणसाची जुनी खोड ओळखून हसले. "बापू, लई ताणू नका," मागून आवाज आला. "आमचा काय मान हाय का न्हाई?"

"मान तर हायेच की."

"मग?"

नीरजाबाईंनी बापूंकडे मान हलवून नाही म्हटलं. भिंतीशी शिक्षकांच्या रांगेत रत्ना मॅडम उभ्या होत्या, वही छातीशी धरून. बापूंना दोघी दिसत होत्या. पण त्याहून जास्त दिसत होते ते समोरचे दीडशे चेहरे, जे त्यांच्यावर खूश व्हायला तयार होऊन बसले होते. सत्तर वर्षांच्या माणसाला नाही म्हणायची सवय नसली की ती सभेत उभ्या उभ्या लागत नाही. बापू उठले. उजवा हात आपोआप छातीवर गेला. आणि त्यांच्या तोंडून, ते थांबवायच्या आत, दर खेपेचं वाक्य बाहेर पडलं.

"तुमच्या शबदाला मान. दीड हजार कमी!"

टाळ्यांनी पत्रे वाजले. गेनूने वाकून पिशवीतून नारळ काढला. समितीच्या सचिवांनी लगेच लिहून घेतलं, वार्षिक फी साडेसोळा हजार, व्यवस्थापनाच्या संमतीने, एकमताने मंजूर. सह्या झाल्या. सगळे उठले तेव्हा बापूंच्या हातात नारळ होता, आणि तो कुठे ठेवावा हे त्यांना कळत नव्हतं.

शेड रिकामी झाल्यावर नीरजाबाई ओरडल्या नाहीत. त्या ओरडल्या असत्या तर बापूंना बरं वाटलं असतं. त्यांनी फक्त फळ्यावर खडूने गणित मांडलं. दीड हजार गुणिले एकशे ऐंशी, दोन लाख सत्तर हजार. पगारवाढीचे होते दोन लाख अठ्ठ्याऐंशी. उरले अठरा हजार. बारा शिक्षक, बारा महिने.

"महिना एकशे पंचवीस रुपये," त्या म्हणाल्या. "एवढी वाढ देऊ शकतो आपण. सांगा तुम्हीच रत्नाला."

"वर तक्रार करता येती म्हणं ना? त्या सरकारी फी समितीकडं?"

"आपल्या आणि त्यांच्या आकड्यात पंधरा टक्क्यांपेक्षा जास्त फरक असता तर. इथं जेमतेम आठ-नऊ टक्के. आणि तक्रार कशाची करणार, बापू? आपणच कमी केलेत."

बापूंनी हार मानली नाही. रविवारी सकाळी ते गेनूच्या दुकानात गेले. फरश्यांच्या राशीवर बसून त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा आपला धंदा उघडा केला. मागच्या खेपांना आकडा वाढवलेला असायचा, हे सांगितलं. मांडववाल्याचंही सांगितलं. आणि यंदा काही वाढवलेलं नव्हतं, जे कापलं ते हाडामासाचं होतं, तेव्हा समितीची पुन्हा बैठक घे, असं हात जोडून सांगितलं.

गेनू मन लावून ऐकत होता. शेवटी त्याने बापूंच्या गुडघ्यावर थाप मारली.

"बापू, तुमाला मानलं," तो म्हणाला. "सौदा ठरल्यावर परत चडवायला आलेला माणूस म्या आजच बघितला. च्या घेणार का?"

"आरं, खरंच सांगतोय."

"आवो, तुमी दर टायमाला खरंच सांगता."

बापूंनी चहा घेतला नाही. घरी ठकुबाईंनी नारळ फोडून चटणी वाटली होती. ती त्यांना गिळवेना. "तिखट झालीया का?" ठकुबाईंनी विचारलं. त्यांना सगळं कळलेलं होतं, म्हणून त्या इतकंच विचारून थांबल्या.

रत्ना मॅडमना सांगायला बापू स्वतः गेले. त्या गोष्टीचं मी फार वर्णन करत नाही, कारण बापूंचीही त्यावर बोलायची इच्छा नसते. मॅडमनी "एकशे पंचवीस" हा आकडा ऐकला आणि त्या हसल्या. "पेट्रोल लिटरभर," म्हणाल्या. "एका खेपेचं तरी झालं." वर्ष अर्ध्यात सोडून त्या गेल्या नाहीत. एप्रिलमध्ये पेपर तपासून, निकाल लावून, वर्गातल्या मुलांच्या तक्त्यांची गुंडाळी नीरजाबाईंच्या हवाली करून त्यांनी राजीनामा दिला.

जूनमध्ये शाळा उघडली. चौदा हजार एकशे पंचवीस पगारात गणिताचा माणूस मिळेना. एक तरुण आला, पंधरा दिवस शिकवून पुण्याला गेला. मग नीरजाबाई स्वतः आठवी-नववीवर उभ्या राहू लागल्या, पण त्यांचा विषय इतिहास. त्या वहीत बघूनच उत्तर सांगत. आणि त्याच महिन्यात भोरात, बाजारपेठेच्या मागे एका माडीवर, रत्ना मॅडमचा क्लास सुरू झाला.

पालक पोचायला आठवडाही लागला नाही. दीड हजारासाठी दोन वर्षांतून एकदा तलवारी काढणारी माणसं जिना चढून रांगेत उभी राहिली. कॅमेरा कुठाय, हॉल कुठाय, कुणी विचारलं नाही.

बापूही शेफालीला घेऊन गेले. सातवीत ओट्यावर हिशोब करणारी पोर आठवीत पुन्हा पोट दुखतं म्हणू लागली होती. जिन्यात गेनू भेटला, मुलाचं नाव घालून खाली उतरताना. चेहरा फुललेला.

"साडेदहा सांगत हुत्या," तो बापूंच्या कानाशी येऊन म्हणाला. "नऊला आणलं! तुमाला बी देतील. जरा ताणा."

वर लहानशी खोली, एक फळा, पाच-सहा बाकं. भिंतीवर छापील कागद. गणित, वार्षिक फी, साडेदहा हजार. बापूंनी खिशातून पैशांचं पाकीट काढलं. त्यांनी मोजून साडेदहाच आणले होते, कारण यंदा तोंड उघडायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं. शेफालीला बाहेर बसवून त्यांनी सगळे पैसे टेबलावर ठेवले.

रत्ना मॅडमनी मोजले आणि पाचशेच्या तीन नोटा परत केल्या.

"बापू, हे तुमच्या मानाचे."

"नगं, मॅडम. पुरी फी घ्या."

"पुरी नऊच आहे." त्या शांतपणे पावती लिहीत होत्या. "जागेचं भाडं, माझं पोट, येणारी मुलं, सगळा हिशोब मांडला तर नऊ निघाली. आधी कागदावर नऊच लिहिली होती. पहिले तीन पालक 'काहीतरी कमी करा' म्हणून बसून राहिले. मग मला शेड आठवली. दुसऱ्या दिवशी नवा कागद लावला. आता सगळे हसत जातात." त्यांनी पावती फाडून पुढे केली. "तुमच्याकडूनच शिकले. तुम्ही आमच्याकडे मात्र उलटं करून बसलात."

बापूंना लाज वाटत होती, आणि ती जिचं नुकसान केलं तिच्याचपुढे वाटत होती, त्यामुळे ती झटकताही येत नव्हती.

"सुखी आहात ना पण?" त्यांनी शेवटी विचारलं. "पैका तर बरा सुटतो."

"पैसा सुटतो," मॅडम म्हणाल्या. "शाळेपेक्षा दुप्पट. पण मला शाळाच पाहिजे होती, बापू. शाळेत समोर सगळी बसायची. इथं जिना चढू शकतात तेवढीच येतात."

बापूंनी तेव्हा बाकांकडे नीट पाहिलं. गेनूचा मुलगा, शेजारच्या डॉक्टरांची मुलगी, भोरातली आणखी दोघं. सगळे फी भरणाऱ्यांचेच. त्यांनी पावती घडी घातली, तीन नोटा खिशात टाकल्या आणि शेफालीचा हात धरून खाली आले.

रस्त्यावर एसटीची वाट बघत दोघं उभे राहिले.

"आजोबा, सोनिया नाही का येणार क्लासला?"

"न्हाई."

"का? ती तर माझ्यापेक्षा हुशार आहे. शाळेत आता तिला पण नाही येत गणित. काल रडली ती."

"तिच्या आईला परवडायचं न्हाई, बाळा. नऊ हजार लई झाले."

शेफालीने जरा विचार केला. तिच्या दृष्टीने ही अवघड गोष्टच नव्हती. आजोबांचं नाव काढल्याशिवाय गावात एक मांडव उभा राहत नव्हता, हे ती जन्मापासून ऐकत आली होती.

"मग तुम्ही सांगा ना मॅडमना," ती म्हणाली. "तुम्ही सगळ्यांसाठी कमी करून देता. सोनियासाठी पण करा की."

बापूंचा हात खिशात गेला आणि तिथल्या तीन नोटांवर थांबला. नऊ हजारांतून किती कमी केले म्हणजे सगुणाबाईला परवडेल, आणि ते कुणाच्या ताटातून जातील, हा साधा हिशोब त्यांनी मांडून पाहिला. एसटी आली. शेफाली चढली आणि वळून त्यांच्याकडे बघत राहिली, त्या शनिवारी शेडमधली माणसं बघत होती तशीच, अगदी खात्रीने. छातीवर हात ठेवून म्हणावं असं वाक्य मात्र बापूंना या वेळी सापडलं नाही.